पी.आय. चाळीस आला, पुढे काय?

सॉईल मेकॅनिक्सच्या व्हायवात हमखास विचारला जाणारा प्रश्न कोणता, हे सिव्हिलच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा. "प्लॅस्टिसिटी इंडेक्स म्हणजे काय?" उत्तरही तितकंच हमखास. "सर, लिक्विड लिमिट वजा प्लॅस्टिक लिमिट." उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतात. पण एक्स्टर्नल जरा खवचट निघाले आणि त्यांनी "बरं, तुझा पी.आय. चाळीस आला, पुढे काय?" असं विचारलं, की बहुतेक जण छताकडे बघायला लागतात. फार तर कुणीतरी पुटपुटतं, "सर, माती वाईट आहे."

माझा आक्षेप नेमका या "वाईट आहे"ला आहे. माती वाईट किंवा चांगली असते असं पी.आय. कधीच सांगत नाही. तो एक फार साधी, पण मोलाची गोष्ट सांगतो आणि तिथे थांबतो. आपण त्याच्या तोंडी नको ते घालतो. हे फक्त व्हायवापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण हीच सवय पुढे सॉईल रिपोर्टात उतरते आणि तिची किंमत कुणीतरी घरमालक मोजतो. कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. उद्या नोकरी लागल्यावर पुण्याच्या पूर्वेला कुठेतरी काळ्या रानात प्लॉट घेणारे तुम्हीच आहात.

आधी मूळ गोष्ट बघू. मेसमध्ये कणीक मळताना बघितली असेल. पीठ कोरडं असताना त्याचा गोळा होत नाही. पाणी घालत गेलं की एका क्षणी गोळा जमतो, दाबला तसा आकार घेतो आणि तो आकार टिकवतो. आणखी पाणी घातलं की हाताला चिकटायला लागतो आणि शेवटी पातेल्यात पसरतो. चिकणमातीचंही असंच आहे. कोरडी असताना ढेकूळ, मग ठिसूळ, मग मळता येण्याजोगी, मग राबडी. या अवस्थांच्या सीमेवर किती पाणी असतं, ते मोजायची कल्पना आल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मांडली. हा माणूस सिव्हिल इंजिनिअर नव्हता, त्याचा अभ्यास शेतीच्या मातीचा होता. ती कल्पना आपल्या लॅबमध्ये आणली आर्थर कॅसाग्रांदे यांनी. ती पितळी वाटी आणि फिरवायचा दांडा असलेलं उपकरण त्यांचंच, १९३२ सालचं.

त्या वाटीत आपण नेमकं काय करतो? ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, उन्हात नव्हे तर हवेशीर वाळवलेली माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून वाटीत लावायची, मधोमध खाच पाडायची आणि वाटी १० मिलिमीटर उंचीवरून, सेकंदाला दोन या वेगाने आपटत राहायची. खाचेच्या दोन्ही बाजू खाली सरकून १२ मिलिमीटर लांबीपर्यंत एकमेकींना भिडल्या की ठोके थांबवायचे. बरोबर २५ ठोक्यांना असं व्हायला जेवढं पाणी लागतं ती लिक्विड लिमिट. जरा विचार केला तर लक्षात येतं, की खाचेची बाजू म्हणजे छोटासा उतारच आहे आणि आपण तो उतार ढासळवतोय. म्हणजे लिक्विड लिमिट हे गूढ काही नाही. ज्या पाण्याला मातीची शिअर स्ट्रेंग्थ अगदी नगण्य, साधारण २ किलोपास्कलच्या आसपास उरते, ते पाणी.

प्लॅस्टिक लिमिटला तर उपकरणही नाही. काचेवर तळहाताखाली माती शेवईसारखी वळायची. ३ मिलिमीटर जाडीला आली तरी तुटली नाही, तर गोळा करून पुन्हा वळायची. प्रत्येक वेळी थोडं पाणी उडून जातं. शेवटी बरोबर ३ मिलिमीटरला येताना ती भेगाळून तुटायला लागते, त्या वेळचं पाणी म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. याच्या खाली माती आकार बदलत नाही, तुटते.

आता या दोन आकड्यांची वजाबाकी.

PI = LL − PL

म्हणजे काय झालं? मळता येण्याच्या अवस्थेत राहून माती किती पाणी सामावून घेऊ शकते, त्या पट्ट्याची रुंदी कळली. एवढंच. रेतीचा पट्टा शून्य. पाणी घातलं की ती सरळ ओघळते, तिची शेवई वळताच येत नाही. चांगल्या काळ्या मातीचा पट्टा चाळीस-पन्नास. पाणी कितीतरी वाढत गेलं तरी ती "मी अजून माती आहे" म्हणत राहते.

हा पट्टा इतका रुंद का, याचं उत्तर कणांच्या आकारात आणि जातीत आहे. आपल्याकडची काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झाली आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याचे थर इतके पातळ, की एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडला तर साधारण ८०० चौरस मीटर भरतो. त्याच जागी केओलिनाइट असेल तर १०-२० चौरस मीटर. पाणी पृष्ठभागाला धरून बसतं, त्यामुळे ज्याचा पृष्ठभाग मोठा त्याची तहान मोठी. शिवाय माँटमोरिलोनाइटच्या थरांच्या आतसुद्धा पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब होतात. पी.आय. मोठा आला की आपण "फुगणारी माती" म्हणतो, त्यामागचं कारण हे. पण यातला दुवा बघा. पी.आय. फुगणं मोजत नाही, तहान मोजतो. तहान आणि फुगणं बहुतेक वेळा सोबत असतात. "बहुतेक वेळा" हे शब्द मात्र रिपोर्टातून गळून पडतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. पुण्याच्या आसपासच्या शेतातून, एक मीटर खोलीवरून काळ्या मातीचा नमुना आणला असं समजू. लिक्विड लिमिट ७२, प्लॅस्टिक लिमिट ३२, म्हणून पी.आय. ४०. कॅसाग्रांदे यांच्या आलेखावर हा बिंदू कुठे पडतो ते बघू. ए-लाईनचं समीकरण

PI = 0.73 (LL − 20)

यात ७२ घातले की ३७.९६ येतात. आपले ४० त्याच्या वर आहेत आणि लिक्विड लिमिट ५० च्या पुढे, म्हणून वर्ग सी.एच., म्हणजे जास्त प्लॅस्टिसिटीची चिकणमाती. आय.एस. १४९८ मधला फुगण्याचा तक्ता काढला तर पी.आय. ३२ च्या वर आणि लिक्विड लिमिट ७० च्या वर, म्हणून "व्हेरी हाय". जर्नल इथे संपतं. इंजिनिअरचं काम इथे सुरू व्हायला हवं.

पहिला प्रश्न: ही माती आत्ता कुठे उभी आहे? पी.आय. हा पट्टा आहे, त्या पट्ट्यावर माती आज कुठे आहे हे तो सांगत नाही. त्यासाठी जमिनीतलं चालू पाणी मोजावं लागतं. समजा मेमध्ये खड्डा खणला आणि ओलावा २२ टक्के निघाला. मग लिक्विडिटी इंडेक्स म्हणजे २२ वजा ३२, भागिले ४०, बरोबर उणे ०.२५. माती प्लॅस्टिक लिमिटच्याही खाली आहे. कडक, भेगाळलेली आणि प्रचंड तहानलेली. तीच जागा सप्टेंबरअखेर खणली आणि ३८ टक्के ओलावा निघाला तर ३८ वजा ३२, भागिले ४०, म्हणजे ०.१५. माती मऊ आहे, तिचं बरंचसं फुगून झालेलं आहे, आता ती पुढच्या उन्हाळ्यात आकसेल. पी.आय. दोन्ही वेळा चाळीसच. पण मेमध्ये ओतलेली फरशी वर उचलली जाण्याची भीती, आणि सप्टेंबरात ओतलेली फरशी खालून पोकळ पडण्याची भीती. एकच आकडा, दोन उलट्या तक्रारी. म्हणून ज्या रिपोर्टात पी.आय. आहे, पण नमुना कुठल्या महिन्यात घेतला आणि तेव्हा ओलावा किती होता हे नाही, तो रिपोर्ट मला अर्धाच वाटतो.

दुसरा प्रश्न: वर वजन किती आहे? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने शहराबाहेर काळ्या रानात बंगला बांधला. रिपोर्टात "पी.आय. जास्त, माती फुगणारी, पाया कडक मुरमावर घ्यावा" एवढंच होतं. तसा घेतलाही. बंगला आजही ठणठणीत आहे. पण दोन पावसाळ्यांत पोर्चची फरशी उचलली गेली आणि कंपाउंड वॉल जिन्यासारखी भेगाळली. त्यांना वाटलं, सिमेंट कमी घातलं. मिस्त्रीने दोनदा भेगा भरून दिल्या आणि दोनदा पैसे घेतले. सिमेंटचा काही संबंधच नव्हता. दोन मीटर उंच, नऊ इंची विटांची भिंत घ्या. तिचं वजन मीटरमागे २ गुणिले ०.२३ गुणिले १९, म्हणजे साधारण ९ किलोन्यूटन. तळाशी ६० सेंटिमीटर रुंदीवर पसरलं की १५ किलोपास्कल. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटची फरशी तर अडीच किलोपास्कलही भरत नाही. अशा मातीचं स्वेलिंग प्रेशर १०० किलोपास्कल धरलं, तर भिंत म्हणजे तिच्या पाठीवरचं दप्तर, आणि फरशी म्हणजे वर ठेवलेला कागद. मुरमावर टेकलेल्या कॉलमला मात्र ती धक्का लावू शकत नाही.

पुण्यात हे चित्र सगळीकडे दिसेल. इथे काळ्या मातीचा थर बहुतेक ठिकाणी काही फुटांचा किंवा एखाद-दोन मीटरचा, त्याखाली मुरूम, त्याखाली काळा खडक. त्यामुळे मोठ्या इमारती वाचतात आणि हलकी बांधकामं मार खातात. पोर्च, कंपाउंड वॉल, फुटपाथ, पार्किंगची फरशी, सेप्टिक टँकला जाणारा पाइप. या बंगल्याला भिंतीच्या कोपऱ्यात गच्चीवरच्या पाण्याचा पाइप मोकळा सोडला होता आणि भेग नेमकी त्या कोपऱ्यातून सुरू झाली होती. बाजूची भिंत तशीच काळ्या मातीवर होती, पण कोरडी राहिली म्हणून बरी होती. कारण ओळखायची हीच खूण आहे. भेग पावसाळ्यात हलते, उन्हाळ्यात पुन्हा हलते, आणि पाणी जिथे साठतं त्या जागेपासून पसरते. सिमेंट कमी असतं तर भेगेने ऋतू बघितला नसता.

तिसरा प्रश्न सगळ्यात मजेशीर आहे: फुगणं खरंच मोजलं का? दोन नमुने समोर आहेत असं समजा. एक पुण्याची काळी माती, पण रेतीमिश्रित, लिक्विड लिमिट ४८, पी.आय. २७. दुसरा कोकणातल्या जांभ्याच्या भागातला, केओलिनाइट असलेला, लिक्विड लिमिट ५८, पी.आय. तोच, २७. नुसत्या पी.आय.वर बोलणारा माणूस दोघींना एकच शेरा देईल. आलेखावर टाकल्या की पहिली फरक दाखवते. तिच्यासाठी ए-लाईनवर २०.४ येतात, म्हणजे ती रेषेच्या चांगली वर आहे. दुसरीसाठी २७.७ येतात, म्हणजे ती रेषेच्या किंचित खाली. आता फ्री स्वेल टेस्ट करा. दहा ग्रॅम माती एका सिलिंडरमध्ये पाण्यात, दहा ग्रॅम दुसऱ्यात रॉकेलमध्ये, आणि चोवीस तास तसंच राहू द्यायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो तुलनेचा पाया. काळी माती पाण्यात १८ मिलिलिटर आणि रॉकेलमध्ये १० भरली, तर फ्री स्वेल ८० टक्के. कोकणातली पाण्यात ११ आणि रॉकेलमध्ये १२ भरली, तर उत्तर उणे आठ. उणे उत्तर पाहून पोरं घाबरतात आणि रीडिंग "दुरुस्त" करतात. करू नका. केओलिनाइटचं असं होतं आणि तीच मोलाची खबर आहे, की ही माती पाणी पिते, पण फुगत नाही. पी.आय. तोच, वागणूक वेगळी.

हा मुद्दा मी हवेत मांडत नाही. आपल्याकडच्या मानकांतच तो लपलेला आहे. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षं प्रयोग केले. अडचण कालव्यांची होती. काळ्या मातीत कालवा खणून अस्तर केलं की माती फुगून अस्तराचे तुकडे उचलायची. वर रेतीचा थर देऊन बघितला तरी भागत नव्हतं. कट्टी यांना दिसलं, की काळ्या मातीचा वरचा थर फुगतो, पण साधारण मीटरभर खाली तीच माती ओली होऊनही जवळजवळ हलत नाही. फक्त वरच्या मातीच्या वजनाने हे होत असतं तर तेवढ्याच रेतीने झालं असतं. म्हणून वर रेती नको, स्वतःला धरून राहणारी पण न फुगणारी माती हवी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हाच तो सी.एन.एस., कोहेजिव्ह नॉन-स्वेलिंग सॉईलचा थर. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर तो वापरला गेला आणि पुढे आय.एस. ९४५१ मध्ये आला.

आता या दोन मानकांची पानं शेजारी शेजारी ठेवा. आय.एस. ९४५१ म्हणतं, सी.एन.एस. मातीची लिक्विड लिमिट ३० ते ५० आणि पी.आय. १५ ते ३० असावा. आय.एस. १४९८ चा तक्ता म्हणतो, पी.आय. २३ ते ३२ म्हणजे फुगण्याचं प्रमाण "हाय". म्हणजे पी.आय. २७ ची माती एका पानावर आजार आहे आणि दुसऱ्या पानावर औषध! कुठलं पान चुकीचं? कुठलंच नाही. ९४५१ मध्ये त्याच यादीत आणखी एक अट आहे. घट्ट दाबलेल्या मातीचं स्वेलिंग प्रेशर १० किलोपास्कलच्या आत हवं. ती अट मोजूनच पाळता येते, पी.आय.वरून अंदाज बांधून नाही. शिवाय थर किती जाड द्यायचा हेही खालच्या मातीच्या स्वेलिंग प्रेशरवरून ठरतं, साधारण पाऊण मीटर ते एक मीटर. पी.आय. तिथे दारावरचा पहारेकरी आहे. कुणाला आत चौकशीला पाठवायचं हे तो ठरवतो, निकाल देत नाही.

याच ओघात मुरमाबद्दल बोललं पाहिजे, कारण पुण्यात प्रत्येक दुखण्यावर "मुरूम टाका" हे एकच औषध सांगतात. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसॉल्ट. त्यात खडे असतात तशी बारीक मातीही असते आणि ती बारीक माती कधी कधी चांगलीच चिकट असते. पी.आय. टेस्ट आपण ४२५ मायक्रॉनखालच्या भागावर करतो, हे विसरून चालत नाही. एखाद्या मुरमाच्या बारीक भागाचा पी.आय. ४० आला, पण तो भाग एकूण वजनाच्या फक्त २० टक्के असेल, तर पूर्ण भरावावर त्याचा असर ०.२ गुणिले ४०, म्हणजे आठच्या आसपास. खड्यांना खडे टेकलेले असतील, तर असा मुरूम बऱ्यापैकी वागेल. तोच भाग ७० टक्के असेल तर असर २८ चा, आणि तुम्ही काळी माती काढून तिची लाल चुलत बहीण आणून टाकली एवढंच झालं. बाहेरून दोन्ही ट्रक सारखेच लाल दिसतात. म्हणून चाळणीचा आकडा सोबत नसलेला पी.आय. मुरमाच्या बाबतीत निम्मा खोटा बोलतो.

आणि आता थोडं आपल्या घरचं. आकडा कितीही हुशारीने वाचा, तो मुळात खरा हवा. आपल्या लॅबमध्ये पी.आय. बिघडण्याच्या तीन जागा आहेत. एक, माती घाईत ओव्हनमध्ये वाळवणं. काही मातींचे कण तापल्याने एकमेकांना कायमचे चिकटतात आणि लिक्विड लिमिट कमी येते. ओव्हन हा टेस्टनंतर ओलावा काढायला आहे, टेस्टच्या आधी नाही. दोन, कालवलेली चिकणमाती लगेच वाटीत लावणं. पाणी कणांपर्यंत पोचायला वेळ लागतो. मानक चोवीस तास म्हणतं आणि आपलं प्रॅक्टिकल दोन तासांचं असतं. उपाय सोपा आहे, आदल्या दिवशी एका बॅचने माती भिजवून झाकून ठेवायची. तीन, वाटीची उंची. वापरून वापरून १० मिलिमीटरची ११ होते, प्रत्येक ठोका जड बसतो आणि खाच लवकर मिटते. खाच पाडायच्या हत्याराच्या मागेच उंची तपासायचा ठोकळा असतो, पण तो कुणी वापरताना मी क्वचितच बघितलं.

शिवाय वजाबाकीचा स्वभाव लक्षात ठेवा. लिक्विड लिमिट दोनने जास्त आणि प्लॅस्टिक लिमिट दोनने कमी आली, तर पी.आय. चारने फुगतो. प्लॅस्टिक लिमिट तर सगळी तळहाताच्या अंदाजावर. एकाची ३ मिलिमीटरची शेवई दुसऱ्याची चार असते. शेजारी ३ मिलिमीटरची सळई ठेवून तुलना केली तर निम्मं भांडण मिटतं. त्यामुळे पी.आय. ३१ आला म्हणून "हाय" आणि ३३ आला म्हणून "व्हेरी हाय" असा फरक करणं, हे साडेचौतीस आणि पस्तीस मार्कांवरून बुद्धिमत्ता ठरवण्यासारखं आहे.

आणि मित्रहो, एक विनंती. फ्लो कर्व्हचे चारही बिंदू जर सेमी-लॉग कागदावर फूटपट्टीने आखल्यासारखे एका रेषेत पडले, तर सर काय ते समजतात. आपला होस्टेलमधला जुन्या जर्नलांचा साठा कितीही समृद्ध असला, तरी १५ ते ३५ ठोक्यांच्या दरम्यान चार खरे बिंदू काढायला एक दुपार पुरते. थोडे विखुरलेले बिंदू हे प्रामाणिक हाताचं लक्षण आहे. कॉपी केलेल्या आकड्याने मातीला काही फरक पडत नाही. ती तिच्या खऱ्या पी.आय.प्रमाणेच फुगते.

आता व्यवहाराचं. पी.आय. टाकून द्या असं मी म्हणत नाही. एका वाटीने आणि काचेच्या तुकड्याने मातीच्या खनिजापर्यंतचा सुगावा देणारी इतकी स्वस्त टेस्ट दुसरी नाही. पाच हा पी.आय. असेल तर फुगण्याची चिंता सोडून झोपायला हरकत नाही. चाळीस असेल तर झोप उडालीच पाहिजे. मधला सगळा प्रदेश मात्र चौकशीचा आहे. तिथे माझी मागणी साधी आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलात आणि उद्या आपण सही करू त्या प्रत्येक रिपोर्टात पी.आय.च्या रांगेत चार रकाने असावेत: नमुन्याचा महिना आणि त्या वेळचा ओलावा, ४२५ मायक्रॉनखालचा भाग किती, फ्री स्वेल किती, आणि वर येणारं वजन किती. पहिले तीन आकडे आपल्या लॅबमध्ये आज आहेत त्या सामानात, एका आठवड्यात निघतात. चौथ्याला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही.

ज्याच्या रिपोर्टात हे चार रकाने भरलेले असतील, त्याला "पुढे काय?" या प्रश्नाचं उत्तर छतावर शोधावं लागणार नाही. तो म्हणेल, "सर, माती मेमध्ये उणे पाव लिक्विडिटीवर होती, फ्री स्वेल एकशेवीस आहे, वर फक्त कंपाउंड वॉल येणार आहे. म्हणून वॉलचा पाया मुरमात न्या किंवा खाली मीटरभर सी.एन.एस. द्या, पोर्चखालची काळी माती काढा, आणि गच्चीचं पाणी भिंतीपासून लांब न्या." हे उत्तर आणि "माती वाईट आहे" यांच्यात फरक इतकाच, की पहिल्यावर घरमालक काहीतरी करू शकतो.